२१०० चा भाव काही केल्या डोक्यातून जात नाही

*काका नमस्कार, निफाड तालुक्यातून लिहितेय. मार्चमध्ये आमच्या द्राक्षाला धरलं होतं त्यापेक्षा किलोमागे ४ रुपये जास्त मिळाले, शंभर क्विंटल माल होता म्हणजे ४० हजार वरचे आले. ह्यांनी पेढे आणले, दोन दिवस खुश होते, मग विषय संपला. आता उन्हाळ कांदा, तोही शंभर क्विंटल चाळीत भरलेला. जूनमध्ये लासलगावला २१०० निघाला तेव्हा मी म्हटलं काढून टाकू, हे म्हणाले अजून वर जाईल. आता अर्धा ऑगस्ट संपला, भाव १७०० वर आहे, म्हणजे ४० हजार गेले. मी म्हणते जेवढे आले तेवढेच गेले, बरोबरी झाली, तर माझ्यावरच चिडतात. रात्री उठून मोबाईलवर भाव बघत बसतात. २१०० आल्याशिवाय चाळ उघडणार नाही म्हणतात आणि तिकडे सड निघतेय. कर्जाचा तगादा नाही, कांदा आम्हाला बाराशेच्या आसपास पडला. ह्यांना समजावू कसं?*

ताई, तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे पण ती कागदावर बरोबर आहे, माणसाच्या पोटात ती तशी होत नाही, आणि म्हणूनच ते चिडतात. तुम्ही "बरोबरी झाली" म्हणता तेव्हा त्यांना वाटतं हिला माझं दुखणं दिसतच नाहीये. मी ३१ वर्ष बँकेत काढली, त्यातली बरीच शेतीकर्जाच्या टेबलावर, आणि हे दुखणं मी इतक्या वेळा समोरच्या खुर्चीत बसलेलं बघितलंय की आता लांबूनच ओळखू येतं. स्वतःचंही बघितलंय, ते पुढे सांगतो.

आधी एक खेळ. आमचा रविवारी सकाळी मिसळ खाणाऱ्यांचा ग्रुप आहे, सगळे रिटायर, तिथे मी एकदा नाणं काढलं आणि म्हटलं, छापा पडला तर तुम्ही मला हजार रुपये द्यायचे, काटा पडला तर मी देणार, फक्त मी किती द्यायचे ते तुम्ही सांगा, म्हणजे मग खेळू. आता गणिताने बघाल तर अकराशे म्हटलं तरी खेळायला हरकत नाही, निम्मे-निम्मे चान्स आहेत आणि मिळणारी रक्कम जास्त आहे. पण अकराशेला एकही जण तयार नाही. बाराशे, पंधराशे, नाही. दोन हजारच्या आसपास आल्यावर हात पुढे यायला लागले. एकजण तर अडीच हजारावर अडून बसला, आयुष्यभर शिक्षकी केलेला सरळ माणूस.

हे आमच्या मिसळवाल्यांचंच नाही. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली यावर जो पेपर लिहिला त्यातून हा सगळा विषय उभा राहिला, इंग्रजीत त्याला लॉस अव्हर्जन म्हणतात, आपण तोट्याची धास्ती म्हणू. (काहनेमनना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ट्वर्स्की त्याआधीच १९९६ मध्ये गेले होते.) १९९२ च्या त्यांच्या दुसऱ्या पेपरात त्यांनी आकडाही काढला, तोट्याचं वजन फायद्याच्या साधारण सव्वादोन पट. म्हणजे तुमच्या घरात मार्चमध्ये जे ४० हजार आले ते ४० हजारासारखे वाटले आणि कांद्यात जे गेले ते ९० हजार गेल्यासारखे टोचतायत. तुमच्या मिस्टरांच्या आतल्या वहीत बरोबरी झालेलीच नाहीये, तिथे ५० हजारांचा खड्डा आहे.

तो सव्वादोनचा आकडा काही दगडावरची रेघ नाही हां. रक्कम बारीक असली, दहा-वीस रुपयांची, तर हा फरक फार कमी होतो, कधीकधी दिसतही नाही, आणि प्रश्न कसा विचारला यावरही आकडा हलतो, संशोधकांमध्ये यावर अजून भांडणं चालू आहेत. पण घराला जाणवेल एवढी रक्कम असली की धास्ती असते, हे बऱ्याच देशांत पुन्हापुन्हा तपासून झालेलं आहे.

का होतं असं, तर याचं एक उत्तर शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. एखादं साल दुप्पट पिकलं तर घराला रंग लागतो, गाडी येते, बरं चालतं. पण एखादं साल पूर्ण बुडालं तर पुढच्या सालचं बियाणं कुठून आणायचं हा प्रश्न पडतो. वर जाण्याने आयुष्य थोडं सुधारतं, खाली जाण्याने खेळातूनच बाहेर पडायची वेळ येऊ शकते. अशा जगात हजारो वर्षं जगलेल्या माणसाचं मन खालच्या बाजूला जास्त जागं राहिलं तर नवल नाही. हा अंदाजच आहे, पुरावा म्हणून मांडत नाही, पण मला पटतो.

आता खरी गोम इथे आहे. तोटा म्हणजे कशापेक्षा कमी? कांदा तुम्हाला पडला बाराशेला, भाव आहे १७००. जूनमध्ये २१०० निघालाच नसता, सरळ १६०० वरून १७०० झाला असता, तर आज तुमच्या घरात आनंद असता, तोच कांदा, तीच चाळ, तोच भाव. म्हणजे दुखतंय ते १७०० मुळे नाही, दुखतंय ते मधे एकदा दिसलेल्या २१०० मुळे. मन पैसे मोजत नाही, मन एक खुंटी ठोकतं आणि त्या खुंटीपासून किती वर, किती खाली एवढंच मोजतं. तुमच्या मिस्टरांनी ती खुंटी जूनमध्ये २१०० वर ठोकली. ते पैसे कधी हातात आलेच नव्हते, पण त्यांच्या मनाने ते आपले धरले आणि आता ते "गेले".

आणि एक विचारू का, तो २१०० कुठला होता? व्हाट्सअपवर जे बाजारभाव फिरतात त्यात कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी असे तीन आकडे असतात, आणि आपल्या सगळ्यांचा डोळा जातो तो जास्तीत जास्तवर. तो भाव त्या दिवशी एखाद्या ट्रॉलीला लागलेला असतो, एकसारखा मोठा, कोरडा, चकचकीत माल असलेल्या. तुमच्या मालाला त्या दिवशी १९०० लागला असता कदाचित. खुंटी नेहमी दुसऱ्याच्या ट्रॉलीवर ठोकली जाते, हे मी बँकेत बसून शिकलो.

मग द्राक्षाचे ४० हजार कुठे गेले? ते खुंटीत मुरले. फायदा झाला की खुंटी पटकन वर सरकते, चार दिवसांत "आपल्या मालाला एवढा भाव मिळायलाच हवा होता" असं वाटायला लागतं आणि आनंद संपतो. तोटा झाला की मात्र खुंटी खाली यायला तयार नसते, शेअरच्या खरेदी-विक्रीवर केलेल्या प्रयोगांतही हेच दिसलंय. पेढ्यांचा आनंद दोन दिवस का टिकला आणि हे दोन महिने का चाललंय त्याचं उत्तर हे आहे.

इथपर्यंत फक्त मनस्ताप आहे, मनस्तापाने कांदा सडत नाही. पण तोट्याची धास्ती माणसाला पुढे एक चुकीचं काम करायला लावते आणि ते तुमच्या चाळीत आत्ता चालू आहे. १९७९ च्या त्या पेपरातलाच एक प्रयोग सांगतो. लोकांना विचारलं, खात्रीचे ३००० मिळणार, किंवा १०० पैकी ८० चान्स आहे की ४००० मिळतील आणि २० चान्स की काहीच नाही, काय घ्याल? १०० मधल्या ८० जणांनी खात्रीचे ३००० घेतले. साहजिक आहे. मग हाच प्रश्न उलटा केला. खात्रीने ३००० जाणार, किंवा १०० पैकी ८० चान्स की ४००० जातील आणि २० चान्स की काहीच जाणार नाही. आता १०० मधल्या ९२ जणांनी जुगार निवडला. हिशोबाने जुगारात सरासरी ३२०० जातात, म्हणजे तो वाईट आहे, तरी ९२. मिळत असताना जपून वागणारी माणसं जात असताना जुगारी होतात, कारण त्या वीस टक्क्यांत "काहीच गेलं नाही" असं म्हणायची एक फट उघडी असते आणि त्या फटीसाठी माणूस वाटेल ते मोजतो.

१७०० ला विकणं म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या दृष्टीने तोट्यावर सही करणं आहे. चाळ बंद आहे तोवर सही झालेली नाही. म्हणून चाळ बंद.

माझी गोष्ट सांगतो म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की मी शहाणा म्हणून वरून बोलतोय. नोकरीत असताना मी एका कंपनीचे शेअर घेतले होते, नाव कशाला, २१० ला. हो योगायोग, २१० च. ते १२० ला आले. मी बायकोला सांगायचो, विकले नाहीत तोवर तोटा नाही. नऊ वर्षं ठेवले, शेवटी ३५ ला काढले. आणि त्याच नऊ वर्षांत जे दुसरे चांगले चाललेले शेअर होते ते मी वीस-पंचवीस टक्के वर गेले की लगेच विकून मोकळा व्हायचो, कारण फायदा घरी आणताना छान वाटतं. म्हणजे बागेतली चांगली झाडं उपटली आणि गवताला पाणी घातलं, आणि हे करत होतो बँकेत बसून दुसऱ्यांचे कागद तपासणारा माणूस. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत टेरन्स ओडियन नावाच्या संशोधकाने एका ब्रोकरकडची दहा हजार खाती तपासली आणि १९९८ मध्ये लिहिलं की लोक अगदी हेच करतात, आणि लोकांनी विकून टाकलेले फायद्यातले शेअर पुढच्या वर्षभरात त्यांनी धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी जास्त चालले. वाचून जरा बरं वाटलं, एकटा नव्हतो.

पण शेअर निदान सडत नाही. कांदा सडतो, त्याला कोंब येतात, आणि काहीच नाही झालं तरी त्यातलं पाणी उडून वजन घटतं. म्हणून आता कागद-पेन घ्या, आकडे मी अंदाजाने धरतोय, तुमचे खरे तुम्ही टाका.

जूनमध्ये तुमच्याकडे विकण्यासारखा धरू ९६ क्विंटल होता. २१०० चा भाव खरंच मिळाला असता असं समजू, तर २,०१,६०० रुपये. आज निवडून ८२ क्विंटल निघेल असं धरू, १७०० ने १,३९,४०० रुपये. म्हणजे जूनपासून आजपर्यंत ६२,२०० कमी झाले, ४० हजार नाही. यातले ३८,४०० भाव पडल्यामुळे गेले आणि २३,८०० सड आणि घटीत गेले. गंमत बघा, भावाचे जे गेले त्यावर रात्रीची झोप उडते आणि सडीच्या तेवीस-चोवीस हजारांबद्दल घरात कोणी जोरात बोलतही नाही, कारण ते रोज एक-दोन टोपल्या करून उकिरड्यावर जातात, त्याचा मोबाईलवर आकडा येत नाही. खुंटी भावाला ठोकलीय, वजनाला ठोकलीच नाही.

आता पुढचं बघा, हे महत्त्वाचं आहे. समजा थांबलात, ऑक्टोबर मध्य उजाडला. सप्टेंबरनंतर कोंब वाढतात, साध्या चाळीत चार-सहा महिन्यांत तीस-चाळीस टक्के माल जाणं नवीन नाही, तर आपण धरू ६८ क्विंटल उरला. देवाची कृपा आणि भाव बरोबर २१०० झाला. हातात येतील १,४२,८००. आज मिळतायत १,३९,४००. फरक ३,४०० रुपये! दोन महिने थांबून, निवडाईची मजुरी देऊन, झोप घालवून ३,४००, मजुरी वजा केली तर तेही नाहीत. आज १,३९,४०० मिळतात तेवढेच ऑक्टोबरात मिळायला भाव २०५० हवा, त्याच्या खाली जे असेल तो थांबण्याचा तोटा.

म्हणजे ज्या २१०० साठी हा सगळा हट्ट आहे ते परत आले तरी जूनचे पैसे परत येत नाहीत. जूनचा २१०० हा ९६ क्विंटलचा होता, ऑक्टोबरचा ६८ चा असेल. आकडा तोच, माल वेगळा. हे एकदा त्यांच्या हाताने कागदावर लिहून घेतलंत तर माझ्या मते अर्धी खुंटी निघेल.

आणि दुसऱ्या बाजूला भाव १३०० ला आला तर ८८,४०० मिळतील, आजच्यापेक्षा ५१ हजार कमी. यातलं काय होईल ते मला माहीत नाही, व्यापाऱ्यालाही नाही. भाव ३००० होऊ शकतो, खरिपाच्या कांद्याला पावसाने झोडपलं की होतो, तेव्हा ६८ क्विंटलचे दोन लाख चार हजार येतील आणि थांबलेला शहाणा ठरेल. आणि एका सहीने उलटंही होतं, डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी केली तेव्हा आपल्याकडे लिलाव बंद पडले होते, तुम्हाला मी काय सांगू. म्हणून मी "विका" असं म्हणत नाहीये. मी म्हणतोय की थांबायचं असेल तर पुढे भाव वाढेल याचं काहीतरी कारण असावं, "मागे २१०० होता" हे कारण नाही. बाजाराला तुमचा २१०० माहीतच नाही.

मग ठरवायचं कसं? मी एक प्रश्न विचारायचो तो तुम्ही विचारा, पण शांत वेळ बघून, रात्री नाही. विचारा, की समजा आपली चाळ रिकामी आहे आणि खिशात १,३९,४०० रोख आहेत, तर तुम्ही आज मार्केटला जाऊन १७०० ने ८२ क्विंटल कांदा, आपल्याच चाळीतला, तीन महिने जुना, विकत घेऊन ऑक्टोबरपर्यंत साठवाल का? बहुतेक माणसं एकदम हसतात आणि म्हणतात वेड लागलंय का. मग तेच तर आपण रोज करतोय, कारण न विकणं म्हणजे रोज सकाळी तोच कांदा तेवढ्याला परत घेणं. ते म्हणाले की नाही, मी अर्धा तरी घेईन, कारण अमुक ठिकाणी लागवड कमी आहे, तर उत्तम, अर्धा ठेवा, तो विचार करून ठेवलेला कांदा आहे.

व्यापाऱ्याला हा प्रश्न पडत नाही ते बघितलंय का तुम्ही? तो सकाळी १७५० ने घेतो, दुपारच्या सत्रात बाजार पडला तर १६८० ने गाडी भरून देतो आणि चहा पितो. तो काही दगड नाहीये. त्याच्यासाठी कांदा हा फिरवायचा माल आहे, विकायलाच घेतलेला, त्याची खुंटी महिन्याच्या एकूण उलाढालीला असते, एका ट्रॉलीला नाही. जॉन लिस्ट म्हणून अर्थशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००३ मध्ये खेळाडूंच्या फोटोकार्डांच्या बाजारात जाऊन बघितलं तर नवखे लोक हातातली वस्तू सोडायला तयार नव्हते, मुरलेले व्यापारी सहज अदलाबदल करत होते. सवयीने धास्ती बरीच कमी होते. शेतकरी वर्षातून चार-पाचदाच विकतो आणि मालात त्याचा घाम असतो, त्याला ती सवय लागणार कुठून.

म्हणून सवय कृत्रिमपणे लावायची. ८२ क्विंटलच्या तीन ट्रॉल्या होतील. तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहा, पहिली याच आठवड्यात, दुसरी पोळ्यानंतर, तिसरी सप्टेंबरअखेर किंवा त्यांना हवी तर ऑक्टोबरात, आणि त्या दिवशी जो भाव असेल तो. पहिल्या ट्रॉलीत तो माल घाला ज्याला कोंब डोकावतायत, टणक माल मागे ठेवा, गोल्टी वेगळी काढा. यात सगळ्यात वरचा भाव तिन्ही ट्रॉल्यांना मिळणार नाही हे उघड आहे, पण सगळ्यात खालचाही तिन्हींना लागणार नाही, आणि मुख्य म्हणजे रोज सकाळी "आज विकू का" हा प्रश्न उरत नाही. एकदा पहिली ट्रॉली गेली, पावती हातात आली, की बाकीची धास्ती किती सैल होते बघा, पहिली सहीच जड असते.

मोबाईलचं सांगतो. आठवड्यातले सहा दिवस धरा, भाव तीन दिवस ५० ने चढला आणि तीन दिवस ५० ने उतरला. शनिवारी भाव मागच्या शनिवारच्याच जागी आहे. ज्याने शनिवारीच बघितलं त्याला काहीच झालं नाही. ज्याने रोज बघितलं त्याला तीन वेळा ५० चा आनंद आणि तीन वेळा ५० चं दुःख झालं, पण दुःखाला दुप्पट वजन, म्हणजे दीडशेची मजा आणि तीनशेची सजा, काहीही न बदलता. बेनार्त्झी आणि थेलर यांनी १९९५ मध्ये शेअरबाजाराबद्दल हेच दाखवलं की जितकं वारंवार बघाल तितकी ती गुंतवणूक धोक्याची वाटते. रात्री दोनला तर लिलावही चालू नसतो, तोच संध्याकाळचा जुना आकडा परत परत बघणं चालू असतं. ट्रॉलीच्या तारखा ठरल्या की त्या तारखेच्या आदल्या दिवशीच भाव बघायचा असं ठरवा, ते ग्रुप म्यूट करा, मधे कोणी फोन करून सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

तुमच्या बोलण्याबद्दल एक, रागावू नका. "मी जूनमध्येच सांगितलं होतं" हे वाक्य पत्रात हळूच आलंय, घरात ते मोठ्याने येत असेल. ते जितक्या वेळा येईल तितकी ती खुंटी घट्ट बसेल, कारण मग १७०० ला विकणं म्हणजे ४० हजारही गेले आणि बायकोसमोर हारही झाली. ते दोन महिने बोलूच नका. त्याऐवजी एका पानावर वर्षाचा हिशोब मांडा, वर द्राक्ष, खाली कांदा, सोयाबीन-मका असेल तर तोही, दुधाचे पैसे, सगळं. कांद्याचं पान वेगळं आहे म्हणून ते लाल दिसतंय, वर्षाच्या पानावर ती एक ओळ आहे. त्यात कांद्याचा खर्च बाराशेने शंभर क्विंटलचे १,२०,००० लिहा आणि समोर आजचे १,३९,४००. सड जाऊनही १९,४०० वर आहेत. प्रामाणिकपणे सांगतो, बाराशे ही पण एक खुंटीच आहे, झालेला खर्च हाही विकायचा की नाही याचं कारण होऊ शकत नाही, भाव उद्या अकराशे झाला तरी प्रश्न "आता पुढे काय" हाच राहील. पण झोप यायला मदत होत असेल तर ती खुंटी वापरायला माझी हरकत नाही.

आणि झोपेचं, ताई, लक्ष ठेवा. भावाची चिडचिड वेगळी आणि जेवण सुटणं, कोणाशी न बोलणं, "आता काही अर्थ नाही" असं बोलणं वेगळं. तसं काही दिसलं तर ते कांद्याचं गणित नाही, तेव्हा १४४१६ या नंबरवर फोन करा, टेली मानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलतात.

तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही, जो माणूस ४ रुपये जास्त मिळाले म्हणून पेढे आणतो तो ठीक आहे. आधी चाळीतून खरे किती क्विंटल निघतायत ते मोजा, माझा ८२ चा आकडा चुकला असेल तर सगळं गणित हलेल. मग पहिली ट्रॉली गेली की काय भाव लागला ते मला कळवा, आणि त्या दिवशीची सरासरी कळवा, जास्तीत जास्त नको.